विचारले तेवढे, नोंद आहे तसे

फेब्रुवारी २००९ मध्ये केरळमधल्या कथिरूर सर्व्हिस को-ऑपरेटिव्ह बँकेला आयकर खात्याची एक नोटीस आली. १ एप्रिल २००५ ते ३१ मार्च २००८ या तीन वर्षांत ज्यांनी ज्यांनी एक लाख रुपये किंवा त्याहून मोठा रोखीचा व्यवहार केला, किंवा एक लाख आणि त्यापुढची मुदत ठेव ठेवली, त्या सर्वांचा तपशील द्यावा, अशी ती मागणी होती. नोटिशीत कोणा खातेदाराचे नाव नव्हते. कोणाची चौकशी चालू आहे, हेही सांगितलेले नव्हते. बँकेवर तर कसलाच आरोप नव्हता. बँकेने कळवले की एखाद्या व्यक्तीबद्दल प्रकरण चालू असेल तर विचारा, अशी सरसकट यादी मागता येणार नाही, नोटीस मागे घ्या. वाद केरळ उच्च न्यायालयात गेला, तिथून सर्वोच्च न्यायालयात, आणि ऑगस्ट २०१३ मध्ये निकाल लागला : माहिती द्यावी लागेल.

हे पुस्तक अशा नोटिशींबद्दल आहे, आणि त्या ज्यांच्या टेबलावर येऊन पडतात त्यांच्यासाठी आहे. पतसंस्थेचा सचिव, नागरी सहकारी बँकेचा शाखाधिकारी, घाऊक व्यापाऱ्याकडचा हिशेबनीस. प्रश्न त्यांच्या उत्पन्नाचा नसतो, गिऱ्हाइकाच्या व्यवहाराचा असतो. कर लागला तर गिऱ्हाइकाला लागणार, सुटका झाली तर त्याचीच होणार. पण उत्तर यांनी द्यायचे, मुदतीत द्यायचे, आणि आपल्या सहीने द्यायचे. अशा त्रयस्थाबद्दल मराठीत फारसे कोणी लिहिलेले नाही. करदात्याने नोटिशीला कसे तोंड द्यावे यावर पुस्तके आहेत. ज्याच्यावर काहीच बालंट नाही त्याने काय करावे, हे ज्याने त्याने आपापल्या ऑडिटरला फोन करून विचारायचे, अशीच रीत आहे. मी स्वतः असे फोन बरीच वर्षे घेतले आहेत. विचारणाऱ्याच्या आवाजात बहुतेकदा दोन भीती असतात : खाते आपल्यावर उलटेल ही एक, आणि ठेवीदार ठेवी काढून नेतील ही दुसरी. या दोन भीतींपोटीच उत्तरे बिघडतात. पहिलीमुळे न विचारलेलेही सांगितले जाते, दुसरीमुळे विचारलेलेही गाळले जाते.

बँकेने गिऱ्हाइकाची गोष्ट बाहेर सांगू नये, हा दंडक किती जुना आणि किती पक्का, इथून सुरुवात करणे बरे. त्याचा पाया इंग्लंडमधल्या १९२४ सालच्या टुर्निए खटल्यात घातला गेला आणि तो खटला अगदी क्षुल्लक रकमेवरून उभा राहिला होता. टुर्निएच्या खात्यावर नऊ पौंडांहून थोडी अधिक उचल होती. दर आठवड्याला एक पौंड भरायचे त्याने कबूल केले आणि हप्ते चुकवले. मॅनेजरने त्याचा पत्ता विचारण्यासाठी त्याच्या मालकाला फोन केला आणि बोलता बोलता हा गृहस्थ पैजांवर पैसे लावतो असे सुचवले. टुर्निएची नोकरी पुढे चालू राहिली नाही. अपील न्यायालयाने सांगितले की गुप्तता हा बँक आणि गिऱ्हाईक यांच्यातल्या कराराचाच भाग आहे. तिला अपवाद चारच : कायद्याची सक्ती, जनतेप्रति कर्तव्य, बँकेचे स्वतःचे हित, आणि गिऱ्हाइकाची संमती. आपल्या रिझर्व्ह बँकेच्या केवायसी निर्देशांत आजही हेच चार अपवाद जवळजवळ तसेच आढळतात. सरकारी खात्याने माहिती मागितली तरी ती देण्याने गुप्ततेचा भंग होत नाही ना, याची बँकेने खात्री करून घ्यावी, असे ते निर्देश सांगतात. म्हणजे नोटीस आली की कपाट उघडले, असे नाही. नोटीस पहिल्या अपवादात बसते का, हे पाहण्याची जबाबदारी बँकेची आहे.

याच्या नेमका उलटा विचार अमेरिकेत १९७६ साली मांडला गेला. जॉर्जिया राज्यातल्या मिलर नावाच्या माणसावर बिनकराची दारू गाळल्याचा आरोप होता. तपास अधिकाऱ्यांनी त्याच्या दोन बँकांच्या प्रमुखांकडून कागद मिळवले. मिलरला कोणी कळवले नाही. त्याने तक्रार केली तेव्हा तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने म्हटले की हे कागद त्याचे नाहीतच, ते बँकेच्या धंद्याचे कागद आहेत. जे तू आपण होऊन दुसऱ्याच्या हाती दिलेस त्यावर तुझा खासगीपणाचा हक्क उरत नाही. हा निकाल तिथल्या लोकांनाही इतका बोचला की दोनच वर्षांत संसदेने कायदा करून, काही अपवाद वगळता, गिऱ्हाइकाला आधी सूचना देणे सरकारवर बंधनकारक केले.

आपल्याकडे २००४ साली कॅनरा बँकेच्या प्रकरणात हा विचार सर्वोच्च न्यायालयापुढे आला आणि न्यायालयाने तो नाकारला. आंध्र प्रदेशाने मुद्रांक कायद्यात अशी दुरुस्ती केली होती की जिल्हाधिकाऱ्याने नेमलेला कोणीही माणूस बँकेत शिरून गिऱ्हाइकांचे खासगी कागद तपासू शकेल आणि जप्तही करू शकेल. ती तरतूद न्यायालयाने रद्द केली. खासगीपणा माणसाचा असतो, जागेचा नसतो. कागद घरातून बँकेत गेला म्हणून तो उघडा पडत नाही, हे त्या निकालाचे सूत्र. पुढे २०१७ च्या पुट्टस्वामी निकालाने खासगीपणा मूलभूत हक्कच ठरला.

वरवर पाहता कॅनरा आणि कथिरूर हे निकाल एकमेकांच्या विरुद्ध दिशेला जातात. एक म्हणतो बँकेतला कागद खासगी आहे, दुसरा म्हणतो हजार खातेदारांची यादी मागितली तरी द्या. पण दोन्ही एकत्र ठेवून वाचले की त्रयस्थाचे सगळे कर्तव्य त्यातून उलगडते, आणि माझ्या मते या विषयाची किल्ली तिथेच आहे. आंध्रच्या तरतुदीत मागणारा कोण, कशासाठी मागतो, कोणाच्या संमतीने मागतो, याला काही धरबंधच नव्हता. कथिरूरच्या नोटिशीला तो होता. आयकर कायदा १९६१ च्या कलम १३३(६) मध्ये, चालू किंवा होऊ घातलेल्या चौकशीला उपयुक्त असलेली माहिती कोणाही व्यक्तीकडून मागता येते आणि बँकेचा त्यात नाव घेऊन उल्लेख आहे. १९९५ पर्यंत त्यासाठी प्रकरण चालू असावे लागे. त्या वर्षीच्या वित्त कायद्याने ‘चौकशी’ हा शब्द घालून ती अट काढली. पण सोबत दुसरी अट घातली की प्रकरण चालू नसेल तर आयुक्त किंवा संचालक दर्जाच्या अधिकाऱ्याची पूर्वमंजुरी हवी. कथिरूरच्या नोटिशीमागे आयुक्तांची मंजुरी होती आणि तिथेच बँकेचा मुद्दा संपला. म्हणून व्यवस्थापकाने नोटीस हाती पडताच विचारायचा प्रश्न ‘द्यायचे की नाही’ हा नव्हे. मागणारा कोण, कोणत्या कलमाखाली मागतो, आणि त्या कलमाची अट पुरी झाली आहे का, हा प्रश्न आहे. अट पुरी असेल तर मग खातेदार चेअरमनचा व्याही असला तरी माहिती द्यायची.

हे ओळखणे वाटते तितके सोपे नाही, कारण एकाच टपालात निरनिराळ्या जातीचे कागद येतात. आयकर खात्याचीच दोन पत्रे घ्या. १३३(६) खालचे पत्र माहिती मागते. २२६(३) खालचे पत्र पैसे मागते : थकबाकीदाराची जी रक्कम तुमच्याकडे आहे ती आम्हाला द्या. दोन्हीवर तोच शिक्का, तशीच सही, तोच करडा सूर. माहितीच्या नोटिशीला घाबरून खाते गोठवणारे आणि वसुलीच्या नोटिशीला खातेउतारा जोडून निश्चिंत बसणारे, असे दोन्ही प्रकार घडतात. पहिल्यात खातेदाराचे चेक विनाकारण परत जातात. दुसऱ्यात त्या रकमेपुरती संस्थाच थकबाकीदार धरली जाऊ शकते. जीएसटीचेही तसेच : समन्स वेगळे, वसुलीची नोटीस वेगळी, तात्पुरत्या जप्तीचा आदेश वेगळा. पोलिसांचे पत्र आले तर ते पूर्वी फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम ९१ खाली असे, १ जुलै २०२४ पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ९४ खाली असते. आणि पोलीस खातेही गोठवू शकतात; बँक खाते ही जप्त करता येण्याजोगी मालमत्ता आहे हे १९९९ साली सर्वोच्च न्यायालयाने ठरवले ते महाराष्ट्र शासन विरुद्ध तापस नियोगी या आपल्याच राज्याच्या प्रकरणात. अलीकडे सायबर फसवणुकीच्या तपासात दूरच्या राज्यातल्या पोलीस ठाण्याचा ईमेल थेट शाखेत येतो. तो खरा असू शकतो, खोटाही असू शकतो. पाठवणाऱ्याचा पत्ता सरकारी आहे का, ठाण्याचा नंबर स्वतंत्रपणे शोधून फोन केला का, एवढे केल्याशिवाय उत्तर पाठवू नये.

आयकराच्या पत्राची खातरजमा त्या मानाने सोपी आहे. १ ऑक्टोबर २०१९ पासून खात्याच्या प्रत्येक पत्रावर दस्तऐवज ओळख क्रमांक, म्हणजे डीआयएन, असावा असे केंद्रीय प्रत्यक्ष कर मंडळाने ठरवले. आयकराच्या ई-फायलिंग पोर्टलवर लॉगिन न करताही तो क्रमांक टाकून पत्र खरे की बनावट हे तपासता येते. दोन मिनिटांचे काम आहे. ते करून त्याची प्रिंट फाइलला लावणारी पतसंस्था मला क्वचितच भेटली.

नोटीस खरी आहे, कलम बरोबर आहे, मुदत आठ-दहा दिवसांची आहे. आता प्रत्यक्ष उत्तराकडे येऊ. इथे मी एका नमुन्यावर थोडा रेंगाळणार आहे, कारण असा नमुना तालुक्याच्या गावी पुन्हा पुन्हा पाहायला मिळतो.

समजा एका पतसंस्थेला विचारले आहे की अमुक सभासदाने वर्षभरात बचत खात्यात रोख किती भरली, खातेउतारा आणि केवायसीचे कागद द्या. लिपिक संगणकावर नाव टाकतो, उतारा काढतो, ‘रोख जमा’ या सदराची बेरीज करतो : १०,००,०००. शेतीवर गुजराण करणाऱ्या सभासदाच्या खात्यात दहा लाखांची रोख! उतारा जातो, आणि काही महिन्यांनी सभासद हातात नोटीस घेऊन संस्थेच्या दारात उभा राहतो. हे दहा लाख आले कुठून, असे खाते त्याला विचारते आहे.

ते कुठून आलेलेच नव्हते. त्याची अडीच लाखांची एकच ठेव होती, नव्वद दिवसांची. दर तीन महिन्यांनी ती मुदत संपून नव्याने ठेवली जाई. ठेव बंद करताना लिपिक रोखीचे व्हाउचर करी, रक्कम बचत खात्यात ‘रोख’ म्हणून जमा टाकी, लगेच रोख नावे टाकी आणि नव्या ठेवीची पावती फाडी. वर्षात चार वेळा अडीच लाख. कॅशियरच्या हाती एक नोटही आली नाही, पण कीर्दीत दहा लाख आले आणि दहा लाख गेले. संस्थेच्या ताळेबंदाला त्याने काही फरक पडत नाही, म्हणून ऑडिटमध्येही कोणी हटकले नाही. व्यवहार वर्ग व्हाउचरने करायचा तो रोखीने दाखवायचा, ही सवय हाताने कीर्द लिहिण्याच्या काळातली आहे. सॉफ्टवेअर आले तरी ती गेली नाही.

अशा वेळी काय करावे, यावर या क्षेत्रातल्या माणसांत दोन तट आहेत. एक म्हणतो, उताऱ्यात आहे ते पाठवा, बाकी सभासद बघून घेईल. दुसरा म्हणतो, नोंदी दुरुस्त करून उतारा काढा, कारण खरे तेच सांगायचे आहे. दुसरा सल्ला सदिच्छेने दिलेला असला तरी घातक आहे. नोटीस आल्यावर बदललेली नोंद ही दुरुस्ती राहत नाही. सॉफ्टवेअरच्या लॉगमध्ये बदलाची तारीख बसलेली असते, आणि खोट्या पडताळणीला आयकर कायद्यात कलम २७७ खाली शिक्षा आहे. पहिला सल्ला घातक नाही, पण अर्धा आहे. बरोबर उत्तर असे : उतारा आहे तसाच द्यायचा, एक अक्षर न बदलता. सोबत त्या चार दिवसांची ठेव बंद केल्याची व्हाउचरे आणि नव्या ठेवींच्या पावत्या जोडायच्या. आणि पत्रात लिहायचे की उताऱ्यातील अमुक चार तारखांच्या रोख जमा नोंदी त्याच दिवशी मुदत संपलेल्या ठेवीच्या रकमेच्या असून त्याच दिवशी तेवढीच रक्कम नव्या ठेवीत गेल्याचे सोबतच्या कागदांवरून दिसते. एवढेच. ‘हा सभासद प्रामाणिक आहे’ हे लिहायचे नाही, ‘त्याचे उत्पन्न शेतीचे आहे’ हेही नाही. ते संस्थेला कागदावरून माहीत नसते.

शोध घेतानाही नुसत्या नावावर भिस्त ठेवून चालत नाही. एकाच गावात एकाच नावाचे तीन सभासद असणे ही रोजची गोष्ट. पॅनवर शोधावे, पण जुन्या खात्यांना पॅन नसतो, फॉर्म ६० असतो. संयुक्त खात्यात दुसरे नाव असेल तर पॅनचा शोध ते दाखवीलच असे नाही. अविभक्त कुटुंबाचे खाते वेगळ्या पॅनवर असते. बंद झालेली खाती आणि पिग्मी ठेवी पुष्कळदा वेगळ्या मेन्यूत असतात आणि हमखास राहून जातात. कसा शोध घेतला हे उत्तरात एका ओळीत लिहिले, तर पुढे एखादे खाते निघाले तरी लपवल्याचा ठपका येत नाही. रेकॉर्ड नष्ट केले असेल तर ‘उपलब्ध नाही’ एवढेच न लिहिता कोणत्या ठरावाने, कोणत्या तारखेला नष्ट केले ते लिहावे.

त्रयस्थाचे पत्र किती दूरवर जाऊ शकते, याचे माझ्या माहितीतले सर्वांत बोलके उदाहरण मुंबईचे आहे. किशिनचंद चेलाराम या कंपनीच्या प्रकरणात १९४६ साली मद्रासहून मुंबईला पंजाब नॅशनल बँकेमार्फत तारेने १,०७,३५० रुपये पाठवले गेले होते. ते पैसे कंपनीचेच, लपवलेले, असे आयकर खात्याचे म्हणणे. आधार काय, तर बँकेच्या व्यवस्थापकाने आयकर अधिकाऱ्याला लिहिलेली पत्रे, १९५५ आणि १९५७ सालची. ती वेळेवर कंपनीला दाखवलीच नव्हती. प्रकरण पायऱ्या चढत सर्वोच्च न्यायालयात पोहोचले आणि १९८० साली, म्हणजे व्यवहारानंतर ३४ वर्षांनी, निकाल कंपनीच्या बाजूने लागला. न्यायालयाने म्हटले की करप्रकरणात पुराव्याच्या कायद्याचे काटेकोर नियम लागू नसले तरी ज्या पत्राच्या जोरावर कर लावायचा ते करदात्याला दाखवले पाहिजे, म्हणजे त्याला व्यवस्थापकाची उलटतपासणी मागता येईल. आणि आणखी एक प्रश्न विचारला, जो प्रत्येक शाखाधिकाऱ्याने लक्षात ठेवावा : हे पैसे कंपनीने पाठवले हे व्यवस्थापकाला कशावरून कळले? कागदावरून कळले असेल तर तो कागद कुठे आहे? ऐकीव असेल तर त्याला मोल काय?

हा निकाल करदात्याच्या हक्काचा म्हणून वकील मंडळी नेहमी उद्‌धृत करतात. मी तो त्रयस्थाला दिलेली शिकवण म्हणून वाचतो. नऊ वर्षांपूर्वीच्या व्यवहाराबद्दल एखाद्या व्यवस्थापकाने कागदापलीकडचा निष्कर्ष लिहिला की त्यातून निष्पन्न काय होते, तर खात्याचा खटला बुडतो आणि करदात्याची उमेद खर्ची पडते. अर्जावर सही कोणाची, पत्ता कोणता, रक्कम किती, पैसे मिळाल्याची सही कोणाची, हे चार तपशील आणि त्यांच्या प्रती पाठवल्या असत्या तर निष्कर्ष काढणाऱ्याने तो स्वतःच्या जबाबदारीवर काढला असता.

प्रतींचेही शास्त्र आहे, आणि ते १९६१ च्या आयकर कायद्यापेक्षाही जुने आहे. १८९१ चा बँकर्स बुक्स एव्हिडन्स ॲक्ट आला तो मूळ खतावण्या कोर्टात वाहून नेण्याचा जाच टाळण्यासाठी. प्रमाणित प्रत मुळाइतकीच ग्राह्य, आणि बँक स्वतः पक्षकार नसेल तर खास कारणासाठी न्यायालयाने आदेश दिल्याखेरीज तिच्या अधिकाऱ्याला पुस्तके घेऊन हजर राहायला भाग पाडता येत नाही, अशी त्यात तजवीज आहे. त्रयस्थाला कायद्याने दिलेले हे पहिले संरक्षण. पण त्यासाठी प्रत नीट प्रमाणित हवी : ही खरी प्रत आहे, नोंद बँकेच्या नेहमीच्या पुस्तकातली आहे, रोजच्या कामकाजात केलेली आहे, पुस्तक अजून बँकेच्या ताब्यात आहे, खाली तारीख, नाव, हुद्दा, सही. संगणकाचा उतारा असेल तर २००० सालापासून कलम २अ ची प्रमाणपत्रेही लागतात, एक व्यवस्थापकाचे आणि एक संगणक यंत्रणा सांभाळणाऱ्याचे. नुसता गोल शिक्का मारलेला उतारा चौकशीत चालून जातो, कोर्टात अडतो.

व्यापाऱ्याची गोष्ट थोडी निराळी. त्याला गुप्ततेचा जाच नाही, पण गिऱ्हाइकाचा आहे. सुताच्या व्यापाऱ्याला १३३(६) खाली विचारले जाते की अमुक कारखानदाराला वर्षभरात किती माल दिला, खातेउतारा द्या. याच्या वहीत १४,६०,००० निघतात. कारखानदाराने आपल्या विवरणात खरेदी दाखवली आहे १३,९०,०००. फरक ७०,००० चा, आणि कारण साधे : ३० मार्चचे बिल, माल पोहोचला ३ एप्रिलला, त्याने तो पुढच्या वर्षी धरला. तेवढ्यात कारखानदाराचा फोन येतो, ‘शेठ, आमच्या आकड्याप्रमाणे द्या ना, कशाला गोंधळ.’ द्यायचे नाही. आपल्या वहीप्रमाणे १४,६०,००० द्यायचे, आणि शेवटचे बिल व ट्रान्सपोर्टची पावती जोडायची. फरक आपोआप सुटतो. आकडे जुळवून दिले तर आपली विक्री जीएसटी विवरणाशी जुळत नाही, आणि आता प्रश्न आपल्याला विचारले जातात.

आणि उत्तर न देण्याचे काय? विक्रीकर विभागाने बोगस बिले देणाऱ्यांच्या याद्या काढल्यानंतर आयकराने महाराष्ट्रात हजारो खरेदीदारांची प्रकरणे उघडली, तेव्हा एक गोष्ट ठळक दिसली. पुरवठादाराला पाठवलेली १३३(६) ची नोटीस परत आली किंवा तिला उत्तर आले नाही, की ती खरेदीदाराच्याच विरोधात धरली जाई. खरा माल देणाऱ्या माणसाचे मौनही गिऱ्हाइकाला महागात पडे. स्वतःला दंड आहेच. तो दिवसाला १०० रुपये होता, २०२२ च्या वित्त कायद्याने ५०० झाला. वाजवी कारण दाखवले तर माफ होऊ शकतो, म्हणून मुदतवाढ हवी असेल तर तारीख उलटण्यापूर्वी लेखी मागावी.

हे सगळे आताच का सांगायचे, तर त्रयस्थाला विचारण्याची पद्धतच बदलते आहे. पूर्वी अधिकारी एकेका खात्याबद्दल विचारी. पुढे ठरावीक रकमेवरचे व्यवहार दरवर्षी आपण होऊन कळवण्याची सक्ती आली. बचत खात्यात वर्षात दहा लाखांची रोख ही त्यातली ओळखीची मर्यादा. नोटाबंदीच्या वेळी ९ नोव्हेंबर ते ३० डिसेंबर २०१६ साठी ती अडीच लाखांवर आणली होती. २०२१ पासून करदात्याला आपल्या नावावरची ही माहिती पोर्टलवर दिसते आणि ‘हे माझे नाही’ असे म्हणता येते. तसे म्हटले की प्रश्न फिरून बँकेकडे येतो : तुम्ही कळवले ते बरोबर होते का? म्हणजे चुकीच्या पॅनवर घातलेली ठेव आता वर्षा-दोन वर्षांत संस्थेच्याच दारी परत येते. दुसरीकडे २०२३ चा वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा आणि नोव्हेंबर २०२५ मध्ये आलेले त्याचे नियम, यांमुळे गरजेपेक्षा जास्त माहिती देणे हीही जोखीम ठरणार आहे. एका खातेदाराबद्दल विचारले असता शाखेची पूर्ण एक्सेल फाइल जोडून मोकळे होण्याचे दिवस गेले. खातेदाराला नोटिशीबद्दल सांगावे का, हाही प्रश्न नेहमी येतो. १३३(६) मध्ये मौनाची सक्ती नाही. पण त्याच खात्याबद्दल संशयित व्यवहाराचा अहवाल वित्तीय गुप्तवार्ता विभागाकडे गेला असेल, तर त्याबद्दल अवाक्षरही काढणे नियमाने मना आहे. दोन्ही फाइली एकाच माणसाच्या टेबलावर असल्या की इथे घोटाळा होतो.

पुस्तकाच्या लेखकांपैकी एक सहकारी बँकेत आयुष्य घालवलेले, दुसरे आयकर वकील. दोघांची ओढाताण पानोपानी जाणवते, आणि ती त्यांनी पुसून टाकली नाही हे मला आवडले. बँकवाले मुदत पाळण्यावर आणि उत्तर देऊन मोकळे होण्यावर भर देतात. वकील प्रत्येक नोटिशीचा अधिकार तपासायला लावतात. जिथे एकमत नाही तिथे त्यांनी दोन्ही बाजू लिहिल्या आहेत. नमुना पत्रे मोजकी आहेत, ती आंधळेपणाने उतरवू नयेत म्हणून मुद्दाम अपुरी ठेवली आहेत. ईडीचे समन्स, परदेशी कर खात्याकडून आलेल्या चौकश्या आणि ‘माहिती अधिकारा’खालचे अर्ज यांना त्यांनी ओझरता स्पर्श केला आहे, त्यांचे वेगळे पुस्तक व्हावे इतका तो विषय मोठा आहे. माझी एक तक्रार मात्र आहे. व्यापाऱ्यांच्या वाट्याला पाने कमी आली आहेत. पुढच्या आवृत्तीत ती वाढावीत.

१ एप्रिल २०२६ पासून १९६१ च्या कायद्याच्या जागी २०२५ चा आयकर कायदा आला, त्यामुळे कलमांचे क्रमांक बदलले. मागच्या वर्षांच्या प्रकरणांत मात्र जुनेच क्रमांक अजून काही काळ दिसत राहतील, म्हणून लेखकांनी ते ठेवले आहेत. ज्यांच्या हाती नोटीस आधीच पडली आहे, त्यांनी इतिहासाची पाने तूर्त बाजूला ठेवून थेट उत्तराच्या भागाकडे वळावे. त्याआधी नोटिशीवर आवक शिक्का आणि आजची तारीख घालावी, आणि उत्तराची शेवटची तारीख भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहून ठेवावी.